सासूचा डावा हात

बबनराव मास्तरांनी माझा निबंध वाचला आणि चष्मा काढून पाटीवर ठेवला. एवढ्यानंच माझं डोकं तापलं. मला रागावायला फार वेळ लागत नाही, आणि आज तर धीरच नव्हता.

"ललिता, हे रडगाणं आहे," ते म्हणाले. "निबंध कुठी आहे?"

नागपूरची ड्रॉइंग टीचरची परीक्षा महिन्यावर आली होती. स्वतःचं एक चित्र द्यायचं आणि ते कोणत्या आधुनिक पद्धतीचं आहे, हे निबंधात पटवून द्यायचं. पास झाले तर वाशिमच्या मुलींच्या शाळेत नोकरी. नाही तर मालेगावला, सासूच्या घरी परत. बाबांनी, म्हणजे गुलाबचंदांनी, जेवढं सांगायचं तेवढं सांगितलं होतं. कारंज्यात माहेरी विधवा मुलगी किती दिवस ठेवायची, हेही न बोलता सांगितलं होतं. मला त्या घरात परत जायचं नव्हतं. मरण पत्करलं असतं, पण सासूच्या, धापूबाईच्या, चुलीपाशी बसायचं नव्हतं!

चित्र होतं तिच्याच स्वयंपाकघराचं. माझा नवरा पूनमचंद बाजारातून दिवस मावळल्यावर घरी आला, ती संध्याकाळ. आमच्या जैनांत सूर्य बुडाला की अन्न तोंडात घालत नाहीत. सासूनं वाढलेलं ताट उचललं. तो हसला, "सकाळी खाईन," म्हणाला, आणि पहाटे छातीत कळ येऊन गेला. उपाशी गेला. माझ्या निबंधात लिहिलं होतं: "या भयानक, विद्रूप चित्रात सासूचा राक्षसी हात भुकेल्या मुलाचं ताट हिसकावतो आहे. सर्वत्र क्रूरता भरली आहे."

"अभिव्यक्तिवाद म्हणजे काय लिहिलं तू?"

"मनातल्या भावनेनं आकार वाकवायचा."

"बरोबर. बाहेरचं जसं दिसते तसं काढायचं नाही. आतलं जे आहे, त्याच्या जोरानं आकार बदलते. आता सांग, काय वाकलं?"

"सगळंच."

"सगळंच वाकलं असलं तर काहीच वाकलं नाही, पोरी! 'भयानक' हा तुया मनाचा शब्द आहे, चित्राचा नाही. परीक्षक नागपुरात बसून राह्यला. त्याले तुयी सासू माहीत नाही. त्याले रेघ दाखव."

मग त्यांनी मला चित्रासमोर बसवलं, हातात पट्टी दिली आणि वकिलासारखी उलटतपासणी सुरू केली. आधी वस्तू मुळात कशी असते ते सांग. मग काय बदललं ते सांग: कोणता भाग, कोणत्या दिशेला, कशाच्या मानानं किती. मग काय मुद्दाम जसंच्या तसं ठेवलं. मग नजर कुठं ओढली जाते. भावनेचं नाव सगळ्यात शेवटी.

"खिडकी खरी कुठी आहे?"

"डोक्याच्या वर. झरोकाच आहे तो."

"अन् इथं?"

पाहिलं तर खिडकी चुलीच्या बाजूला, कमरेपर्यंत उतरली होती. त्यातला सूर्य ताटाएवढा, खिडकीच्या खालच्या कडेवर टेकलेला. भिंत चुन्याची, पण मी ती आजारी हिरवी रंगवली होती. हंड्यांची उतरंड, चुलीची कड, फळीची रेघ, सगळ्या खिडकीकडे कललेल्या.

"एकाच बाजूले कलल्या. हे ध्यानात ठेव," मास्तर म्हणाले. "चूक इकडं तिकडं पडते. मुद्दाम वाकवण्याले, विरूपणाले, दिशा असते. आता हात."

"डावा हात खूप लांब आहे."

"डावा म्हणजे तिचा का आपला? अन् खूप म्हणजे किती?"

माझी अशी चिडचिड झाली! पट्टी लावली. तिचा डावा हात उजव्याच्या दुप्पट भरला. त्याला कोपरच नव्हतं. खांद्यापासून बोटांपर्यंत एकच ताणलेली रेघ.

"कोपर काढता येत नाही म्हणून राह्यलं का?"

"कायले येणार नाही? उजव्याचं काढलं आहे की."

"हे लिही. उजव्याचं नीट आहे, म्हणून डाव्याचं गाळलेलं चूक नव्हे, निवड आहे. आता उजवा हात काय करून राह्यला?"

"ताटावर आहे. ढिला पडला आहे."

"अन् ताट हिसकावणारा राक्षसी हात कोणता?"

मी बोट उचललं आणि तसंच राहिलं. लांब हात ताटाकडे जातच नव्हता. ताटावरून पुढं खिडकीकडे गेला होता. तळवा वर वळलेला, पाची बोटं फाकलेली, सूर्याच्या बरोबर खाली. कोणी पडत्या लेकराला खालून धरावं तसा.

"मी असं काढलं नाही," मी म्हटलं.

"काढलं तूच. तुया मनात काय होतं ते मले ठाऊक नाही. जे कागदावर आहे ते लिही. हिसकावते असं लिहून पाठवलं, तर परीक्षक म्हणंल, या बाईले सोताचं चित्र वाचता येत नाही."

घरी येऊन मी सगळा निबंध फाडला. नव्यानं लिहिताना एकही विशेषण वापरलं नाही. मापं, दिशा, रंग, जे बदललं ते, जे राखलं ते. शेवटचं वाक्य मात्र येईना. हा आकार कोणत्या भावनेनं वाकला? राग लिहावा तर बोटं रागाची नव्हती. दोन वर्षं मी जो राग जिवापाड सांभाळला, त्याला चित्रात जागाच सापडेना, आणि मला भीती वाटायला लागली.

धापूबाई त्याच आठवड्यात मंदिरात दर्शनाला कारंज्याला आल्या होत्या, त्यांच्या नणंदेकडे उतरल्या होत्या. मी चित्र आणि निबंध घेऊन गेले. त्या अंगणात तूर निवडत होत्या. मला पाहून उठायला लागल्या.

"बसा, आत्याबाई. तुमाले एक वाचून दाखवाचं आहे."

त्यांना अक्षर येत नव्हतं आणि डोळेही अधू झाले होते. चित्र त्यांनी हातात घेतलं, जवळ नेलं, परत दिलं. "मले रंगच दिसते वं. तू वाच."

मी वाचलं. खिडकी कमरेपर्यंत उतरली आहे. सूर्य ताटाएवढा आहे. सगळ्या रेघा तिकडे कलल्या आहेत. आईचा उजवा हात मापात आहे. डावा हात उजव्याच्या दुप्पट आहे, त्याला कोपर नाही, आणि तळवा सूर्याखाली धरलेला आहे.

तुरीतली त्यांची बोटं थांबली.

"बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "तेवढाच लांब झाला होता तो हात. म्या पाटावर चढून झरोक्यातून पाह्यत होती न. सूर्याले म्हणून राह्यली होती, थांब रे बापा, थांब, लेकरू नाक्यावर आलं असंल. नाही थांबला."

मी तेव्हा मागं चुलीपाशी बसले होते. त्यांना पाटावर चढलेलं पाहिलं होतं. चांगलं डोळ्यांनी पाहिलं होतं.

"ताट कायले उचललं मंग?" मी विचारलं.

"नेम होता, पोरी. म्या त्याले आयुष्यभर तोच शिकवला. त्याच्याच समोर मोडू कशी?" मग तुरीतला एक खडा बाजूला टाकून म्हणाल्या, "मोडाले पाह्यजे होता."

आम्ही दोघी रडलो. दोन वर्षांत पहिल्यांदा एका जागी बसून.

शेवटचं वाक्य मी तिथंच, त्यांच्या अंगणात बसून लिहिलं: जे थांबत नाही ते थांबवू पाहणाऱ्या आईच्या आकांतानं हा हात ताणला आहे.

पास झाले. वाशिमला खोली पाहायची वेळ आली तेव्हा बाबा म्हणाले, एकटी बाई राहणार नाही, सोबतीला कोण?

"आत्याबाई," मी म्हटलं.

बाबा चमकून म्हणाले, "जिच्यापासून सुटाले एवढं शिकली, तिलेच संगं नेतं?"

"हो. त्यायले विचारून आली मी. ट्रंक भरून बसल्या आहेत."