बोलावणं

तिने फोनवरचं बटण अंगठ्याने दाबून धरलं, घसा खाकरला आणि सुनेला पाठवायचा निरोप बोलायला सुरुवात केली.

"सणाच्या हार्दिक शुभेच्छा. दोघांनी आदल्या दिवशी सकाळच्या गाडीने निघावं. येताना जाड पांघरुणं आणावीत. उशीर करू नये."

समोर टेबलाशी तिचा नवरा डोळ्याला भिंग लावून कुणाचंतरी गजराचं घड्याळ उघडून बसला होता. मान वर न करता तो म्हणाला,

"आणि फलाट कोणता?"

"गप्प बसा हो."

बसस्थानकावर गाड्या पुकारण्यात तिची सगळी नोकरी गेली होती. निवृत्त झाली, पण आवाज निवृत्त झाला नाही. तिने हाक मारली की दारावरचा भाजीवालासुद्धा गाडी सुटल्यासारखा घाईघाईने टोपली उचले.

तिने बोट सरकवून निरोप पुसून टाकला. सून दूरच्या शहरात इस्पितळात परिचारिका होती. फोनवर तिचं "हो आई" आणि "चालेल आई" एवढंच. पहिल्या हाकेलाच पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज येई. आपल्याशी ही पोरगी उभी राहून बोलते की काय, अशी शंका सासूला यायची आणि मग दिवसभर करमत नसे. याच वर्षी सुनेची आई गेली होती. त्यानंतरचा हा पहिलाच सण. सुनेने इथे यावं, घरात वावरावं, दोन शब्द जास्त बोलावेत, एवढंच हिला हवं होतं.

तिने पुन्हा बटण दाबलं.

"तुला मी मुलीसारखीच मानते. म्हणून हक्काने सांगते, या वेळी यायचंच."

नवऱ्याने भिंग खाली ठेवलं. "हक्क तुझा झाला. तिचा कुठाय यात?"

तिला राग आला. हाही निरोप तिने पुसला.

"तुझी आई काय म्हणायची गं, तुला बोलावताना?" नवऱ्याने विचारलं.

आई कधी "ये" म्हणायचीच नाही. मागच्या खोलीत खाट टाकलीय, एवढंच सांगायची आणि मग शेजारणीच्या कागाळ्या सुरू करायची. त्या खाटेसाठी हिचा जीव तुटायचा.

ती उठून मुलाच्या जुन्या खोलीत गेली. पलंगावरचा इस्त्रीच्या कपड्यांचा ढीग उचलून तिने कपाटात कोंबला. उशी खिडकीत उन्हाला ठेवली. मग पलंगाच्या कडेवर बसून, फोन तोंडाशी धरून, हळू आवाजात बोलू लागली.

"बाळा, सण आलाय. आईवाचून पहिलाच, मला माहितीये. खिडकीजवळचा पलंग मोकळा केलाय. आलीस तर दुपारपर्यंत झोप, कुणी उठवणार नाही. पाहुणे आले तर पोरगी झोपलीय म्हणून सांगेन. स्वयंपाकाचं आम्ही दोघं बघतो. आणि नाही जमलं, किंवा मनच नाही झालं, तर कारण शोधत बसू नकोस. नुसतं नाही म्हण. मी रुसणार नाही."

पुढे एक वाक्य ओठांवर आलं होतं. वाट बघते, असं. अंगठा अजून बटणावरच होता. ते वाक्य तिने गिळलं आणि अंगठा उचलला. निरोप गेला.

उत्तर दुसऱ्या दिवशी दुपारी आलं. नवरा घड्याळ पोचवायला गेला होता. तिने ओले हात पदराला पुसले आणि फोन कानाशी लावला.

"आई, या वेळी नाही येत मी. बाबांकडे जाते. ते एकटेच आहेत, आणि सणाचं नावच काढत नाहीत. तुम्हाला नाही म्हणायला भीती वाटत होती, खरं सांगते. आणि तुमच्या मुलाला जरा बोला हो. ओला टॉवेल रोज पलंगावर! मी सांगून थकले. सारख्या रात्रपाळ्या करून पायांचे तुकडे पडलेत, त्यात हा!"

मग बराच वेळ नुसता श्वास ऐकू आला. इस्पितळातली कुठलीशी ढकलगाडी खडखडत गेली.

"मला यायचं होतं हो, आई."

गॅस बारीक करायचं तिला सुचलं नाही.

संध्याकाळी नवरा आला. चपला काढता काढताच त्याने विचारलं,

"येतेय का?"

"नाही. वडिलांकडे जातेय."

तो बाकावर तिच्याशेजारी बसला. तिने त्याला निरोप ऐकवायला सुरुवात केली. टॉवेलाचं आल्यावर तो खो खो हसला.

"बापावर गेलाय कार्टा," ती म्हणाली आणि निरोप तिथेच थांबवला.

"संपला?"

"हो. एवढाच आहे."

तिने फोन पदराखाली घेतला आणि त्याच्यासाठी चहा टाकायला उठली.