रमीजचा हो

माझ्या भावाने, मुआजने केलेला गोषवारा वाचला आणि माझं डोकं फिरलं. एका पानावर दोन रकाने. डावीकडे ‘ठरलं’, उजवीकडे ‘बाकी’. बाकीच्या रकान्यात गच्चीची गळती आणि अब्बांची जुनी मोटारसायकल. ठरलंच्या रकान्यात पहिलंच वाक्य होतं : अम्मीला कुवेतला न्यायचं, तळोज्याचं घर एजंटमार्फत भाड्याने द्यायचं. तिघेही भाऊ राजी.

त्या घरात मी राहते. मी आणि अम्मी, दोघीच. घर गेलं तर मला मुआजच्या नेरूळच्या फ्लॅटमध्ये, त्याच्या बायकोच्या, हादियाच्या मेहेरबानीवर दिवस काढावे लागणार होते. आणि हे सगळं मी शाळेत दहावीच्या पेपरांवर सुपरव्हिजन करत होते त्या दुपारी ठरलं म्हणे.

आमच्या घराचे निर्णय तेव्हा, म्हणजे नव्याण्णव साली, आयआरसीवर, इंटरनेटवरच्या लेखी गप्पांत व्हायचे. मोठा युसुफ कुवेतला, मधला रमीज दोह्याला, धाकटा मुआज बेलापूरच्या ऑफिसात आणि मी वाशीच्या सायबर कॅफेत. ट्रंक कॉलपेक्षा स्वस्त म्हणून युसुफभाईनेच ही टूम काढली होती. शुक्रवारी नमाजानंतर सगळे चॅनेलवर यायचे आणि रोमन अक्षरांत मराठी भांडायचे. ते सगळं प्रत्येकाच्या कॉम्प्युटरवर लॉग म्हणून साठायचं, पानंच्या पानं. एकाच वेळी तीन विषय, मधेच युसुफभाईच्या बायकोच्या, समराभाभीच्या आजारपणाची चौकशी, मधेच शिव्या. ते सगळं अम्मीला वाचून दाखवणं अशक्य, म्हणून गोषवारा. एरवी तो मी करायचे. काय ठरलं, काय राहिलं, बस्स.

मी तडक बेलापूर गाठलं.

“रमीज हो म्हणाला?” मी विचारलं.

“म्हनाला.” मुआजने मान वर केली नाही. “लॉग बघ ना. लिहिलंय तसं.”

“मागच्याच महिन्यात ते घर विकू नका म्हणून रमीज तुमच्याशी भांडला होता ना?”

“विकायचं नाय, भाड्याने द्यायचंय. माणूस बदलतो. तुला फक्त तुझी खोली दिसते, नूरी.”

“आणि तुला तुझा मोठा भाऊ दिसतो. तो म्हणेल ती पूर्व दिशा!”

त्याने लॉगची फाईल फ्लॉपीवर घालून माझ्यापुढे टाकली, भिकाऱ्याला टाकावी तशी.

वाशीला कॅफेवाल्या दीपेशने ती छापून दिली. त्याचा प्रिंटर करकरत होता आणि गिऱ्हाइकं वैतागत होती. मी पेन घेऊन बसले. गोषवारा करायची माझी एक सवय आहे : ‘हो’ दिसला की आधी बघायचं, कशाला हो? आणि ज्याच्या डोक्यावर ते ओझं पडणार, तो काही बोलला का? मुआजला ही सवय नाही. त्याला हो दिसला की झालं, निकाह कबूल.

लॉगमध्ये मुआजचं म्हणणं खरं निघालं. युसुफभाईने विचारलं होतं, अम्मीचा पासपोर्ट नवा करून ठेवायचा का. त्याच्या खाली लगेच त्याचाच दुसरा प्रश्न, अम्मी इकडे आली की घर भाड्याने देऊन टाकूया ना, एजंट तयार आहे. त्याच्या खाली मुआजचा हो. त्याच्या खाली रमीजचा हो. मला रडू आलं. तिघांनी मिळून मला रस्त्यावर काढलं होतं आणि त्यात रमीजही होता.

पान उलटलं तर त्या होनंतर रमीजची एकही ओळ नव्हती. थोड्या वेळाने नुसतं लिहून आलं होतं की रमीज बाहेर गेला, पिंग टाइमआऊट. म्हणजे त्याची लाईन तुटली होती. आणि आयआरसीवर लाईन तुटली की मधलं बोलणं परत मिळत नाही. गेलं ते गेलं. लाईन तुटायच्या आधीही ती रखडतच असते, हे या कॅफेत बसून मी किती शिव्या घालून शिकले होते. आपण लिहिलेलं आपल्याला लगेच दिसतं, दुसऱ्याकडे ते मिनिटभराने पोचतं.

मी रमीजला मेल केली : तुझ्या कॉम्प्युटरवरचा लॉग पाठव, एक अक्षर न बदलता.

दुसऱ्या दिवशी मेलने लॉग आला. त्याच्या लॉगमध्ये युसुफभाईचा पासपोर्टचा प्रश्न होता, त्याच्या खाली रमीजचा हो. आणि त्या होच्या खाली रमीजचाच एक प्रश्न : ‘पण अम्मीला कोणी विचारलं का?’ घराचा प्रश्न त्याच्याकडे कधी पोचलाच नव्हता. त्याचा पासपोर्टचा हो उशिरा पोचून मुआजच्या लॉगमध्ये घराच्या प्रश्नाखाली पडला होता, आणि त्याचा हा प्रश्न लाईन तुटल्यामुळे पोचलाच नव्हता.

पुढच्या शुक्रवारी चॅनेलवर मी दोन्ही लॉग शेजारी शेजारी ठेवून नवा गोषवारा टाकला. ठरलं : पासपोर्ट नवा करणे. बाकी : अम्मीचं जाणं. बाकी : घर. बाकी : अम्मीला विचारणं.

‘तू वकिली करू नको,’ युसुफभाईने लिहिलं. ‘फुकट राहतेस म्हणून घर सोडवत नाही तुला.’

‘मी हो म्हणालो नव्हतो,’ रमीजने लिहिलं. ‘पासपोर्टला म्हणालो होतो.’

‘आता पलटी मारतो काय?’ हे मुआजचं.

‘अम्मीला एकटीला ठेवून तुम्हाला झोप कशी येते? मी मोठा आहे. मी नेणार तिला. हे फायनल,’ युसुफभाईने लिहिलं.

‘ठीक,’ मी लिहिलं. ‘विचारते. ती म्हणेल ते ठरलंच्या रकान्यात.’

घरी आले तेव्हा अम्मी सुकट निवडत बसली होती. मी विचारलं आणि मनात म्हणत होते, नाही म्हण, नाही म्हण.

“जाईन की,” अम्मी म्हणाली. “युसुफची पोरं मी बघितली पन नाय नीट. समराला बरं नाय हाय. जाईन.” मग सुकटीतला कचरा बाजूला करत म्हणाली, “घर मात्र बंद नाय करायचं. भाड्याने पन नाय. तू हाईस ना इथं. मला कंटाळा आला तर यायला नको?”

माझा जीव एकदम भांड्यात पडला. पण ती जाणार होती. तरी मी तिचे शब्द होते तसे लिहून घेतले. माझ्या गोषवाऱ्यात मी खोटं लिहीत नाही, माझ्यासाठी सुद्धा नाही.

शुक्रवारी ते टाकलं. ठरलं : अम्मी कुवेतला येणार. घर उघडं राहणार, नूरी राहणार. हे अम्मीने स्वतः सांगितलं.

रमीजने लगेच हो म्हटलं, आणि यावेळी कशाला ते पूर्ण वाक्यात लिहिलं. युसुफभाईकडून मात्र काहीच येईना. मला वाटलं लाईन रखडली. पण मुआजने हवापाण्याचं विचारलं, त्याला युसुफभाईचं उत्तर लगेच आलं. लाईन चालू होती.

मग त्याने लिहिलं. ‘व्हिसाचं बघावं लागेल. फ्लॅट लहान आहे. समराची तब्येत बघता आताच आणणं बरोबर नाही. घाई नको.’

घर भाड्याने मिळणार नाही म्हटल्यावर अम्मीही नको झाली होती. मी शिव्यांची एक लांबलचक ओळ लिहिली आणि पुसली. अशा माणसाला शिव्या सुद्धा कशाला द्यायच्या?

तळोज्याला पोचले तर अम्मीने ट्रंकेतली नवी लुगडी काढून पलंगावर मांडली होती. एकेक हाताने सारखी करत होती.

“काय ठरलं?” तिने विचारलं. “कधी न्यायला येतोय?”

माझ्या हातातल्या कागदावर तिचं जाणं मी डावीकडून खोडून उजवीकडे लिहिलं होतं. कागद मी तिला दाखवला असता तरी तिला तो वाचता आला नसता.

“बाकी आहे,” मी म्हणाले.

ती लुगड्यांच्या घड्या परत ट्रंकेत ठेवू लागली.