दीपमालाताईंचं तिसरं पुस्तक

अमळनेरच्या वाचनालयात एकतीस वर्षं काढलेल्या दीपमालाताईंना निवृत्तीच्या दिवशी आठ मिनिटं बोलायचं होतं. निमंत्रणपत्रिकेवर अध्यक्ष गिरधरनानांनी छापून टाकलं होतं की ग्रंथपाल वाचकांचे आभार मानतील आणि लक्षात ठेवावीत अशी तीन पुस्तकं सुचवतील. त्या एका ओळीसाठी त्या पंधरा दिवस तयारी करत होत्या.

पुस्तक सुचवलं की दुसऱ्या दिवशी लोक ते मागायला येतात, हे त्यांना अनुभवानं माहीत होतं. म्हणून त्यांनी आधी कपाटं धुंडाळली. ‘बोरीकाठची झाडं’ होतं, ‘तेराव्या फाट्यावरची बाई’ ही कादंबरीही होती. दोन्हींच्या जादा प्रती त्यांनी वेळेत मागवून घेतल्या. तिसरं, एका डॉक्टरनं लिहिलेलं ‘मनाचं दुखणं, साध्या शब्दांत’. त्याची छपाई केव्हाच बंद झाली होती. वाचनालयात एकच प्रत उरली होती.

खरं तर भाषण या तिसऱ्या पुस्तकासाठीच लिहिलं होतं. कित्येक वर्षांपूर्वी एका वाचकाचं दुकान जळालं. माणूस बोलेनासा झाला. त्यानं ते पुस्तक नेलं, पाच वेळा मुदत वाढवून घेतली आणि परत देताना म्हणाला, “ताई, या पुस्तकानं मला धरून ठेवलं.” नाव न घेता एवढं सांगायचं, असं त्यांनी ठरवलं होतं.

समारंभाच्या दिवशी सकाळी त्यांनी भाषण सहकारी कुंदाबाईंना वाचून दाखवलं. कुंदाबाई ऐकून लगेच म्हणाल्या, “हाऊ ते मुख्तारभाई शे ना? गादीवाला?”

दीपमालाताईंचा हात कागदावरच थांबला. “मी नाव कुठे घेतलं?”

“नाव काय करनं? दुकान कोनं जयनं व्हतं, बठ्ठा गावले माहीत शे.” जळालेलं दुकान कुणाचं, हे खरंच सगळ्या गावाला आठवत होतं.

कोण काय वाचतं हे कुणाला सांगायचं नाही, अगदी घरच्यांनाही नाही, हा त्यांनी स्वतःला घातलेला नियम होता. शेवटच्या दिवशी, माईकवरून, तो त्याच मोडणार होत्या. त्यांनी मुख्तारभाईंना विचारण्यासाठी तीनदा फोन लावला. उचलला गेला नाही. मग त्यांनी तो सगळा परिच्छेद खोडला. पुस्तक मांडणीच्या टेबलावर ठेवण्याआधी मागचं पान उघडून पाहिलं, तर तारखांच्या कागदावर मुख्तारभाईंचा सभासद क्रमांक एकाखाली एक पुन्हा पुन्हा होता. त्यावर त्यांनी नवा कोरा कागद चिकटवला आणि डिंक वाळेपर्यंत तळव्यानं दाबून धरला.

पाच वाजता वाचनकक्ष भरला. मुख्तारभाई चौथ्या रांगेत बायको जरीना आणि मुलगी तहरीमसोबत बसले होते. तहरीम रोज वरच्या अभ्यासिकेत यायची. तिची स्पर्धा परीक्षा दोनदा थोडक्यात हुकली होती. गिरधरनानांनी शाल दिली, माईक पुढे केला. दीपमालाताईंनी कागद टेबलावर ठेवला.

आभारांमध्ये त्यांनी कुणाचंच नाव घेतलं नाही. एक घेतलं की दहा राहतात. पुस्तक पावसात भिजलं हे न लपवता सांगणाऱ्यांचे आभार मानले, पानाचा कोपरा न दुमडता बसचं तिकीट खूण म्हणून ठेवणाऱ्यांचे मानले आणि मुदत संपली म्हणून रागावल्यावरही पुन्हा येत राहिलेल्यांचेही. लोक हसले. पहिल्या पुस्तकाबद्दल त्या म्हणाल्या की रोज ज्या झाडाखाली आपण गाडी लावतो त्याचं नाव तरी कळू द्या. दुसरं, आपल्याला न पटणाऱ्या बाईची बाजू शेवटच्या पानापर्यंत ऐकता यावी म्हणून.

मग त्यांनी तिसरं पुस्तक हातात घेतलं. खोडलेल्या जागी त्यांनी काहीच लिहिलं नव्हतं. मुख्तारभाई मान खाली घालून बसले होते.

“माझे यजमान गेले त्या वर्षी,” त्या म्हणाल्या, “मी रोज इथे यायचे, शिक्के मारायचे, घरी जायचे, आणि मला काही वाटायचंच नाही. कुणालाच सांगितलं नव्हतं. हे पुस्तक मी काउंटरखाली ठेवून वाचलं. यात लिहिलंय की हे दुखणं आहे, आपला दोष नाही, आणि त्यावर डॉक्टर असतो. मी नंतर धुळ्याला डॉक्टरांकडे गेले. हे कपाटात आहे, एवढं लक्षात ठेवा. बस.”

टाळ्या उशिरा पडल्या. गिरधरनाना थोडे गोंधळलेले दिसले. आपण समारंभ बिघडवला असं वाटून दीपमालाताई चहाकडे न जाता काउंटरमागे जाऊन उभ्या राहिल्या.

तिथे तहरीम आली. तिसरं पुस्तक तिच्या हातात होतं. तिनं हळूच विचारलं, की पुस्तक नेलं तर मेसेज अब्बूंच्याच मोबाइलवर जातो ना. कार्ड घरचं होतं, नंबर त्यांचाच नोंदवलेला होता. दीपमालाताई म्हणाल्या, नोंद न करता इथेच बसून वाचता येईल.

“रात्री हवंय,” तहरीम म्हणाली. “झोप येत नाही.”

दीपमालाताईंनी सरळ विचारलं, “बेटा, जिवाचं काही बरंवाईट करावंसं वाटतं का?”

“तसं नाही. पण सकाळ झालेली नको वाटते.”

“घरी सांगितलंस?”

तिनं नकारार्थी मान हलवली. अब्बू सगळ्यांना तिच्या परीक्षेचं सांगत फिरतात, त्यांना हे कसं सांगणार, असं ती म्हणाली.

आता दीपमालाताईंजवळ दोन गुपितं होती, एकाच घरातली, आणि दोन्ही सांगण्याचा अधिकार त्यांना नव्हता. त्या तहरीमला कुंदाबाईंजवळ बसवून बाहेर आल्या. मुख्तारभाई एक चप्पल हातात घेऊन दुसरी शोधत होते. त्यांना बाजूला घेऊन त्यांनी विचारलं, “तुम्ही ते पुस्तक वाचलं होतं, हे मी एका माणसाला सांगू का? नाही म्हणालात तर नाही.”

“कुणाला?”

“ते मला सांगता येणार नाही.”

मुख्तारभाईंनी त्यांच्याकडे पाहिलं, मग दारातून आत पाहिलं. तहरीम पुस्तक छातीशी धरून बसली होती. त्यांच्या हातातली चप्पल खाली पडली.

“तुम्ही नका सांगू, ताई,” ते म्हणाले. “मीच सांगतो.”

ते अनवाणीच आत गेले आणि मुलीशेजारच्या खुर्चीवर बसले. काय बोलले ते ऐकू आलं नाही. मात्र बऱ्याच वेळानं तहरीमनं डोकं बापाच्या खांद्यावर टेकवलं. माणसं खुर्च्या उचलायला आली तेव्हा दीपमालाताईंनी त्यांना थांबवलं.

पुढचे आठ दिवस त्यांना घरात चैन पडलं नाही. फोन करावा तर कशाला, न करावा तर कसं. नवव्या दिवशी मुख्तारभाईंचाच आला. धुळ्याच्या डॉक्टरांकडे बापलेक जाऊन आले होते, तहरीमचं औषध सुरू झालं होतं, परीक्षेचं नंतर बघू, असं मुख्तारभाई म्हणाले.

“काल ती सकाळी उशिरापर्यंत झोपली,” त्यांनी सांगितलं. “जरीना उठवायला निघाली होती. मी म्हटलं, राहू दे.”