रजेवर उरणारा पगार

तिच्या पित्ताशयात खडे होते आणि तोंडाला कुलूप. ऑपरेशन थिएटरमध्ये टेक्निशियन म्हणून रोज दुसऱ्यांची पोटं उघडलेली बघणारी बायको स्वतःवर सुरी चालवून घ्यायला घाबरते, अशी नवऱ्याची समजूत. त्यावरून तो तिला चिडवायचा, आणि तीही हसून वेळ मारून न्यायची. सुरीला कोण घाबरतंय हो! ती घाबरत होती रजेला.

घराचा हप्ता तिच्या पगारातून जायचा, आणि त्या पगाराचा मोठा हिस्सा रात्रपाळीच्या आणि ऑन-कॉलच्या भत्त्यांचा होता. रात्रीच्या दर तासामागे दहा मिनिटं जादा धरायची आणि त्या मिनिटांचे पैसे मूळ पगाराच्या दराने मिळायचे. ऑन-कॉल असलं की फोन उशाशी घेऊन घरी झोपायचे ठरावीक पैसे, बोलावणं आलंच तर त्या तासांचे वेगळे. पण हे सगळं ड्युटी केली तरच. रजा टाकली की भत्ते गुल, उरतो नुसता मूळ पगार, आणि त्यात हप्ता भरला की खायचं काय? नवऱ्याचं शिलाईचं दुकान कसंबसं भाड्यापुरतं चालायचं. घर घेताना "माझा पगार आहे ना" असं तिनेच छातीठोकपणे सांगितलं होतं. त्या पगारात पक्कं किती आणि जागरणाचं किती, हे तिने त्याला कधी सांगितलं नाही. उलट इतरांना नको असलेल्या रात्रीही ती मागून घ्यायची.

आणि आता ही बढती. मुख्य टेक्निशियन, मूळ पगार एक पायरी वर, फक्त दिवसाची ड्युटी. सगळे पेढे मागत होते आणि ही मनात आकडे मांडत होती. रात्री गेल्या म्हणजे भत्ते गेले, वाढलेल्या पायरीने ते भरून निघणार नव्हते. होय की नाही ते संध्याकाळपर्यंत कळवायचं होतं. तिने नकार लिहिला आणि पगार विभागात नेऊन दिला.

तिथले अण्णा वर्षानुवर्षं साऱ्या हॉस्पिटलच्या रात्रपाळ्यांचा हिशोब करत आले होते. कागद वाचून त्यांनी चष्मा काढला आणि आता नाही म्हटलं तर वर्षभर पुन्हा विचारणार नाहीत, हे माहीत आहे ना, असं विचारलं. ती उत्तर देणार तोच बरगडीखालून कळ उठली. घाम फुटला, ती मटकन खुर्चीत बसली. अण्णांनी पाणी दिलं. मग तिने खालच्या आवाजात विचारलं, की महिनाभर आजारी रजा घेतली तर किती हातात येईल.

"चार्ज घेण्याआधी, की घेतल्यावर?" अण्णांनी विचारलं.

हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं. अण्णांनी समजावलं की रजेचा पगार रजेच्या आदल्या दिवशी जो मूळ पगार असेल त्यावर धरतात. आत्ता गेली तर जुना. आधी नव्या जागेवर रुजू होऊन मग गेली तर नवा. त्यांनी आकडा काढून दाखवला. हप्ता भरून, पोटाला चिमटा घेऊन, महिना निघत होता.

"आणि एक सांगतो," ते म्हणाले. "पेन्शनही मूळ पगारावरच. इतकी वर्षं जागलात, त्यातली एक रात्रही त्यात धरायची नाही."

तिला रडू आलं. कुणावर रागवावं तेही कळेना. तिने नकार फाडला आणि होकारावर सही केली. पण सहीने काळजी मिटली नव्हती. रजा निभेल, पुढे मात्र दर महिन्याला हातात कमीच येणार, म्हणजे आता घरी सांगणं आलं. घर गेलं तर? घराचं निघेलच कसंतरी, पण इतकी वर्षं फसवलंस असं तो म्हणाला तर? बसथांब्यापर्यंत जाताना तिने वाक्यं दहादा जुळवली आणि दहादा मोडली.

नवरा दुकानात कुणाच्या तरी पँटची मोहरी दुमडत होता. समोरच्या स्टुलावर बसून तिने सगळं एका दमात सांगून टाकलं. ऑपरेशन का टाळलं ते, भत्ते, मूळ पगार, बढती, रजा. मशीन थांबलं. त्याने खुणेचा खडू उचलला आणि तसाच धरून ठेवला.

"म्हणजे रात्री तू पैशासाठी जायचीस?"

"मग कशासाठी?"

त्याने पँट बाजूला ठेवली. डोळे पुसायचे होते, पण हातात खडू होता.

"मला वाटायचं," तो म्हणाला, "तुला माझ्याजवळ थांबायचंच नसतं."