उतरलेला ताप

इंजिनदादांना यंत्राचं सगळं कळायचं. बंद पडलेला पंप नुसता कान देऊन ऐकायचे आणि कुठला पट्टा सैल झालाय ते सांगायचे. नाव त्यातूनच पडलेलं. घरच्या गोठ्यात दूध काढायचं मशीन, थंड करायची टाकी, पाण्याच्या नळ्या असं सगळं त्यांच्या ताब्यात होतं. वासरं मात्र बायकोची, म्हणजे काकूंची. जन्मल्यापासून दूध तुटेपर्यंत त्यांचं खाणंपिणं, हगवण, शिंगं, सगळं ती बघायची. तिच्या त्या राज्यात दादांनी उभ्या आयुष्यात लुडबुड केली नव्हती.

मग तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी अंगणात उतरायलाही मनाई केली आणि वासरांचं खातं दादांच्या गळ्यात पडलं. काकूंची खाट खिडकीशी लावली होती. तिथून त्यांना वासरांच्या शेडचं छप्पर दिसायचं, वासरं नाही. त्यामुळे त्या दिवसभर खिडकीतून प्रश्न विचारायच्या.

"अहो, सगळ्यांनी दूध संपवलं का?"

"संपवलं."

"सगळ्यांनी?"

"अगं, संपवलं म्हटलं ना! आता काय पावती आणून दाखवू?"

खरं म्हणजे सगळ्यांनी संपवलं नव्हतं. पिटुकली नावाची दोनेक महिन्यांची कालवड त्या दिवशी दुपारपासून मागे मागे राहत होती. तिने बादलीत तोंड घातलं, दोन घोट घेतले आणि बाजूला झाली. कान लोंबत होते, नाकातून पाणी येत होतं. संध्याकाळी दादांनी थर्मामीटर लावला तेव्हा पारा एकशे चारच्या वर गेला होता. वासराचं एकशे दोन-अडीचपर्यंत ठीक, तीनच्या पुढे गेलं की मला सांगायचं, असं काकूंनी त्यांना पहिल्याच दिवशी बजावलं होतं.

पण दादांनी सांगितलं नाही. तिला उगाच घोर नको, हे एक कारण. दुसरं कारण मनातल्या मनातसुद्धा ते कबूल करत नव्हते: हाती घेऊन आठवडा झाला नाही तोच वासरू आजारी पडलं, हे तिला कुठल्या तोंडाने सांगायचं? फ्रिजच्या दारात ताप उतरवायचं इंजेक्शन होतं. मागे एका गाईची कास सुजली तेव्हा गुरांच्या डॉक्टरने दिलेलं, त्यातलं उरलेलं. टोचताना त्यांनी अनेकदा पाहिलं होतं. त्यांनी बाटलीवरचं वाचून वासराच्या वजनाचा अंदाज बांधला आणि टोचलं.

सकाळी पारा एकशे दोनवर आला होता. पिटुकलीने अर्धी बादली दूधही प्यायलं. दादांचा जीव भांड्यात पडला. आता खिडकीखालून जाताना ते आपणहूनच म्हणाले, "त्या पिटुकलीचं अंग जरा गरम वाटत होतं काल. आज बघितलं, उतरलंय. दूधही प्यायली. एकशे दोन."

काकूंनी मान खिडकीकडे वळवली.

"आणि श्वास?"

"श्वास काय, चालू आहे!"

"चालू आहे ते मलाही कळतं. कसा चालू आहे? मोजलात?"

"जरा भराभर आहे. ऊन चढतंय ना."

"ती बसलेली असताना, हात न लावता, लांबून मोजा. तुम्ही जवळ गेलात की ती बिचकून उठेल आणि मग मोजून काही उपयोग नाही. कूस वर येऊन खाली गेली की एक."

दादा शेडच्या दाराशी जाऊन उभे राहिले. हातातल्या घड्याळाकडे एक डोळा आणि पिटुकलीच्या कुशीकडे एक. पहिल्यांदा मोजलं आणि वाटलं, आपण चुकलो. पुन्हा मोजलं. मिनिटाला सत्तरच्या वर जात होते. कूस नुसती हलत नव्हती, आत ओढली जात होती. बाहेर सोडताना पोट जोर लावत होतं, जणू भाता कुठेतरी फाटलाय आणि माणूस तो जास्तच जोराने दाबतोय. मान पुढे ताणलेली. पुढचे पाय कोपरांशी बाहेर फाकवलेले, म्हणजे छातीला जागा मिळावी.

ते खिडकीशी आले. आकडा सांगितला, ताणलेली मानही सांगितली.

"शेजारच्या दोघांचे मोजा," काकू म्हणाल्या.

"त्यांना काय झालंय?"

"काही झालं नसेल म्हणूनच मोजा. ऊन त्यांनाही तेच आहे."

शेजारची दोघं निवांत बसली होती. त्यांचे तीस-पस्तीसच्या आसपास भरले. उन्हाचं कारण तिथल्या तिथे गळून पडलं. दादा परत आले तेव्हा त्यांची पावलं जड झाली होती. काकू उशीला टेकून उठून बसल्या होत्या.

"ताप नाही आणि श्वास सत्तर," त्या स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाल्या. "हे जुळत नाही हो. एक तर ती पार थकून गार पडायला लागलीय. पण मग दूध प्यायली नसती." त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं. "तुम्ही काही दिलंत का तिला?"

पंप दुरुस्त करताना हातातला नट विहिरीत पडल्यावर बघावं तसं दादांनी खाली पाहिलं.

"ते फ्रिजमधलं. काल संध्याकाळी. दुपारपासूनच मलूल होती."

काकू रागावतील अशी त्यांची तयारी होती. त्या रागावल्या नाहीत. त्यांनी डोळे मिटून एक लांब श्वास सोडला, आणि ते दादांना जास्त लागलं.

"म्हणजे ताप गेलेला नाही, झाकलाय. आग तशीच आहे, तुम्ही फक्त धूर अडवलात. ते औषध अंगाची कणकण कमी करतं, म्हणून तर दूध प्यायली. छातीतल्या जंतूंना त्याचं काही नाही. काल दुपारपासून मोजलं तर एक दिवस गेला. आता आणखी घालवला तर ती हातची जाईल. डॉक्टरला फोन लावा."

डॉक्टर दूरच्या एका गोठ्यात अडलेली गाय मोकळी करत होती. ती म्हणाली, "दादा, संध्याकाळी येते. चालेल ना?" दादा "बरं" म्हणणार तोच काकूंनी हात पुढे केला. फोन घेऊन त्यांनी एका दमात सगळं सांगितलं: कालचा ताप, दिलेलं इंजेक्शन, आजचा श्वास, शेजारच्यांचा श्वास, ताणलेली मान. 

"संध्याकाळ नको," डॉक्टर म्हणाली. "माझं इथलं होतच आलंय. तिला दवाखान्यात आणा, मी तिथेच पोचते. आणता येईल?"

आता पंचाईत अशी, की सगळ्या पंचक्रोशीच्या गाड्या दुरुस्त करणाऱ्या दादांची स्वतःची गाडी गेले पंधरा दिवस विटांवर उभी होती. आणि नेमक्या त्याच वेळी फाटकाशी हॉर्न वाजला. व्याही आणि विहीणबाई काकूंच्या गुडघ्याची विचारपूस करायला आले होते, नव्याकोऱ्या गाडीतून. सीटवरचं प्लास्टिकही अजून काढलेलं नव्हतं.

व्याही म्हणजे शहरातले शिंपी. कपड्याला सुरकुती पडलेली खपत नसे. लग्नापासून दोन्ही घरांत सगळं "या, बसा, घ्या ना" याच सुरात चाललेलं. पोराच्या सासऱ्यांच्या नव्या गाडीत आजारी वासरू घालायचं, हे बोलायला दादांची जीभ रेटेना. ते नुसतेच "या, बसा" म्हणाले.

"बसणार नाहीत ते," खिडकीतून काकू म्हणाल्या. "व्याहीबुवा, गाडी फिरवा. आमच्या वासराला न्यायचंय."

व्याह्यांनी एकदा गाडीकडे पाहिलं, एकदा दादांच्या चेहऱ्याकडे. मग शर्टाच्या बाह्या दुमडायला लागले. "प्लास्टिक काढलं नाही ते बरं झालं म्हणायचं."

विहीणबाई शेडशी येऊन उभ्या राहिल्या होत्या. त्यांना दया आली. "आधी बाटलीने थोडं कोमट पाणी तरी पाजा हो बिचारीला. घसा किती सुकला असेल."

"काही ओतू नका!" काकू इतक्या मोठ्याने ओरडल्या की विहीणबाई दचकल्या. मग त्यांनी आवाज खाली आणला. "इतकी धाप लागली असताना ओतलेलं पाणी पोटात जात नाही, फुप्फुसात जातं. तुम्ही आत या. माझ्याजवळ बसा. मलाच कोणीतरी हवंय."

मागच्या सीटवर दादा पिटुकलीला घेऊन बसले. आडवी पाडायची नाही, छातीवर बसवायची आणि डोकं वर धरायचं, असं काकूंनी सांगितलं होतं. काचा उघड्या होत्या. वाटभर दादांच्या तळव्याखाली तिच्या बरगड्या उघडत मिटत होत्या. यंत्र असतं तर त्यांनी बटण दाबून बंद केलं असतं, खोललं असतं, सुटा भाग बदलला असता. इथे चालू असतानाच दुरुस्त करायचं होतं.

"बरी होईल ना?" व्याह्यांनी आरशातून विचारलं.

"माहीत नाही," दादा म्हणाले. दोन वर्षांच्या सोयरिकीत ते पहिल्यांदाच त्यांच्याशी औपचारिकपणा सोडून बोलले होते.

डॉक्टर पोचलेली होती. तिने छातीवर नळी लावली आणि बराच वेळ ऐकलं, विशेषतः पुढच्या पायामागे खालच्या बाजूला. दादांनाही ऐकवलं. वरच्या भागात वारा घासल्यासारखा खरखरत होता. खाली काहीच नव्हतं.

"तिथे हवा पोचत नाही," डॉक्टर म्हणाली. "भरून गेलंय. न्यूमोनिया आहे." तिने प्रतिजैविकाचं इंजेक्शन दिलं. पुढचे डोस कधी द्यायचे ते सांगितलं. "दोन दिवसांत उड्या मारायला लागली तरी मधेच थांबवायचं नाही. तापाचं औषध वाईट नाही दादा, पण ते एकट्याने पुरत नाही. आणि मला न विचारता तर नाहीच."

दादांनी मान खाली घातली.

"शेडमध्ये वारा आहे ना?"

 वासरांना रात्री गार लागू नये म्हणून दादांनीच सगळ्या बाजूंनी ताडपत्री बांधली होती, अगदी वरपर्यंत. उभ्या माणसाला काही जाणवत नसे. घरी पोचल्यावर ते पिटुकलीच्या जागी गुडघ्यांवर बसले, नाक वासराच्या उंचीला नेलं, आणि मुताच्या तिखट वाफेने डोळ्यांतून पाणी आलं. त्यांनी ताडपत्रीचा वरचा अर्धा भाग सोडला, खालचा थेट झोत अडवण्यापुरता ठेवला, ओला पेंढा काढून कोरडा टाकला. व्याही पेंढा वाहत होते. पँटची इस्त्री कधीच मेली होती.

मग काकूंच्या सांगण्यावरून त्यांनी उरलेल्या सगळ्या वासरांचा ताप पाहिला. दोघांचा एकशे चारला टेकला होता. ना खोकला, ना नाकातून पाणी. दूधही संपवलेलं. ती दोघं नुसत्या डोळ्यांना धडधाकट होती. डॉक्टरशी फोनवर बोलणं झालं आणि संध्याकाळी ती येऊन त्यांनाही टोचून गेली. त्यांना धाप लागलीच नाही.

पिटुकलीला वेळ लागला. दुसऱ्या दिवशी श्वास पन्नासच्या घरात आला, त्यानंतर हळूहळू चाळिशीच्या खाली. ती जगली. पण डॉक्टरने स्पष्टच सांगितलं, की फुप्फुसाचा जो भाग गेला तो गेला. ती बरोबरीच्या वासरांच्या मागेच राहील, धावली की दमेल, दुभती म्हणून तिच्यावर फार भिस्त ठेवू नका. एक दिवस आधी आणली असती तर? दादांनी हा प्रश्न विचारला नाही. 

काकूंना उठायची परवानगी मिळाली त्या सकाळी त्या दादांच्या खांद्याचा आधार घेत शेडपर्यंत आल्या. दोघं दाराबाहेरच थांबले. आत वासरं बसलेली होती आणि त्यांना उठवायचं नव्हतं.

"तेव्हाच का सांगितलं नाहीत?" काकूंनी विचारलं. इतके दिवस त्यांनी हे विचारलं नव्हतं.

"तुझ्यासारखं मला जमत नाही, हे तुला कळेल म्हणून."

"ते मला लग्न झाल्यापासून कळलेलं आहे," काकू म्हणाल्या.

दादा हसले. पण काकू हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "माझंही एक गेलं होतं असंच. तुमच्या लक्षातही नसेल. तुम्ही मोटार बसवत होता तेव्हा. मी कान चाचपून म्हटलं, गार आहेत, काही नाही. सकाळी उठले तर गेलेलं." त्यांनी दाराच्या चौकटीला हात टेकला. "कोणाला सांगितलं नाही. तेव्हापासून हाताच्या अंदाजावर विश्वास ठेवत नाही. मोजते."

 दादांनी जवळची बादली पालथी घातली, तिच्यावर पोतं टाकलं आणि काकूंना बसवलं. आत पिटुकली रवंथ करत होती. दोघंही तिच्या कुशीकडे बघत राहिले, आणि दोघांचेही ओठ न बोलता हलत होते.