उताराकडची रांग

खुंटी साधीच होती. लाकडी, डोक्याला लाल रंग. नाना सुपरवायझरच्या बायकोने ती स्वतःच्या हाताने ठोकली होती. ती सर्व्हेअर होती. टेकाडावरच्या या दवाखान्याची आखणी तिनेच केली. उताराकडच्या खांबांच्या रांगेचा पाया बाहेरच्या बाजूला कुठवर यायचा, ते ही खुंटी दाखवत होती. उताराच्या काठापासून चार मीटर आत.

मग काम बंद पडलं. त्याच काळात तिला ताप भरला आणि ती गेली. काम पुन्हा सुरू झालं तेव्हा साइटवर तिच्या हातचं एवढंच उरलं होतं.

कुणाचा पाय लागून खुंटी हलू नये म्हणून नानाने तिच्या पलीकडे, काठाच्या बाजूला, काँक्रीटच्या ब्लॉकची थप्पी रचून घेतली. आतल्या बाजूला खोदायचं होतं, म्हणून ठेवायला तेवढीच जागा होती. पुढे जो माल आला तोही त्याने तिथेच उतरवून घेतला. थप्पी छातीएवढी झाली. मजूर आपसात म्हणायचे, नाना खुंटीला कुंपण घालतोय की किल्ला बांधतोय?

नाना रोज दुपारी एकटाच टेप घेऊन खुंटीपाशी जायचा. टेपचं टोक खुंटीच्या खिळ्याला अडकवायचा आणि मागे मागे चालत इमारतीच्या मधल्या रेषेपर्यंत यायचा. माप बरोबर यायचं. टेप ताणला की पलीकडून कुणीतरी धरल्यासारखा वाटायचा. खिळ्याला अडकवलेला टेप असा जिवंत लागत नाही, हे त्याला माहीत होतं. मग तिचा आवाज यायचा, नेहमीसारखा, थोडा घाईचा. "आलं ना बरोबर? लिही." तो लिहायचा.

खुंटीपासून काठापर्यंत मात्र त्याने एकदाही टेप धरला नव्हता. नकाशावर चार लिहिलेलं होतं. तिने मोजलेलं पुन्हा कशाला मोजायचं?

धाकटी आली ती सोमवारी. नानाची मेहुणी. बहिणीने हाताला धरून तिला या धंद्यात आणलं होतं, आणि ती पुढे डिझाइनची इंजिनिअर झाली. ती आधी टेकाडावर आलीच नाही. खालच्या रस्त्यावर बराच वेळ मान वर करून उभी राहिली, मग पत्र्याच्या ऑफिसात येऊन बसली. तिथे ठेकेदार शेठ चहा पीत होते.

"शेठ, आपलं काम बंद होतं तेव्हा रस्ता रुंद करताना खालून उतार खरवडलाय," ती म्हणाली. "पूर्वी निवांत उतरत होता, आता उभा झालाय. वरचा काठही ढासळत मागे आलाय. उताराकडची रांग आत घ्यावी लागेल."

"बाई, तुमच्या तोंडात साखर पडो म्हणावं तर तुम्ही मीठच टाकता! माती तपासलीय ना? चौरस मीटरला पंधरा टन घेते म्हणून कागद आहे. माती तीच, जागा तीच."

"तपासणीचा खड्डा मधोमध होता. तिथे पायावर वजन आलं की खालची माती दोन्हीकडे सरकायला बघते, आणि दोन्हीकडची माती तिला अडवून धरते. त्या अडवण्यावर ते पंधरा टन आहेत. काठावर एका बाजूला अडवायला कोण आहे? हवा. माती तीच असली तरी ताकद तीच राहत नाही. मी हिशेब केलाय. आता तिथे निम्मीही धरता येत नाही."

नाना दारात उभा होता. "तुझ्या ताईने चार मीटर सोडलेत," तो म्हणाला.

"सोडले होते, भावोजी."

"म्हणजे ती चुकली?"

"मी असं कुठे म्हटलं?"

"मग काय म्हटलंस? ती गेली, आता तिला कोण विचारतंय!"

धाकटीचं तोंड उतरलं. ती हळूच म्हणाली, "तुम्ही काठापर्यंत मोजलंत का, भावोजी?"

नाना निघून गेला. बुधवारी खड्डे खणायला घ्यायचे होते. सुपरवायझरने रांग बरोबर आहे म्हणून सही केली की शेठ थांबणार नव्हते. ती सही करायची असं नानाने मनात ठरवलं होतं. तिची खुंटी उपटणारा हात आपला असणार नाही.

मंगळवारी सकाळी साइटवर कुणी नसताना तो आला. नेहमीप्रमाणे आधी खुंटीकडे गेला आणि जागच्या जागी थिजला.

थप्पी कलली होती. काठाकडची बाजू जमिनीत वीतभर रुतली होती आणि सगळे ब्लॉक एकसारखे पलीकडे झुकले होते, खाली वाकून काहीतरी बघत असल्यासारखे. थप्पीच्या अलीकडे, काठाला समांतर एक लांब भेग गेली होती. खुंटी त्या भेगेवरच उभी होती. तीही कलली होती. लाल डोकं उताराकडे.

"अगं," तो मोठ्याने म्हणाला, "मागे हो."

आवाज आला नाही. वारा होता, खाली रस्त्यावर एक गाडी गेली, बाकी काही नाही. इतक्या दिवसांत ती पहिल्यांदाच गप्प होती.

धाकटी आली तेव्हा तो भेगेपासून लांब, आतल्या बाजूला खाली बसला होता. तिने एक नजर टाकली आणि सगळं ओळखलं. "ही थप्पी कुणी रचली?"

"मी. तिच्या खुंटीला कुणाचा धक्का लागू नये म्हणून."

धाकटीने डोळे पुसले. "वरवर ठेवलेलं ओझं आहे, त्याला माती लवकर हार जाते. पाया खाली असतो, तो जरा जास्त तग धरेल. पण पायावर येणारं वजन याच्या कितीतरी पट, भावोजी. आणि आत माणसं झोपलेली असतील. आजारी माणसं."

"टेप दे."

दोघांनी मोजलं. टेपचं टोक नानाने खुंटीपाशी धरलं, धाकटी पालथी पडून सरकत काठाशी गेली. अडीच मीटरही पुरते भरले नाहीत. नानाने आकडा स्वतःच मोठ्याने म्हटला. तो म्हणताना त्याला समजलं की तिचे चार चारच होते. डोंगर तिच्या मापातून निघून गेला होता.

ब्लॉक त्याने मजुरांना काढू दिले नाहीत. कमरेला दोर बांधून, वरून एकेक उचलून आत आणले. खुंटी उपटावी लागलीच नाही. हात लावला आणि ती निघून आली. खालचं टोक ओलं होतं. ती त्याने धाकटीच्या हातात दिली. तिने ती दोन्ही हातांत धरली.

शेठ आले आणि कपाळाला हात लावून बसले. "रांग आत घ्यायची म्हणजे व्हरांडा गेला म्हणायचा!"

"व्हरांडा गेला, दवाखाना राहिला," धाकटी म्हणाली. "रांग आत येईल आणि पाया मीटरभर आणखी खाली जाईल. खाली गेलं की उतार पायापासून लांब पडतो, पुढे अडवायला जास्त माती मिळते. आणि रस्तेवाल्यांना सांगा, खालून आता मातीची एक पाटीही काढायची नाही. काढली तर हाही हिशेब फुकट."

नवी रेषा नानानेच आखली. माप नीट आलं. लिही म्हणणारं कुणी नव्हतं, तरी त्याने लिहिलं. नंतर तो काठाच्या पट्टीला दोर लावायला गेला, कुणी चुकून तिकडे जाऊ नये म्हणून. बांबू रोवत रोवत शेवटच्या बांबूपर्यंत आला. पट्टीवर कुणी नव्हतं. तरीही कुणीतरी पाठ करून उभं आहे असं त्याला वाटत होतं. तिकडे जायचं नाही, हे आता त्याला पक्कं कळलं होतं.

शेवटची गाठ मारायची त्याने थोडा वेळ तशीच ठेवली. दोर हातात धरून वाट मोकळी सोडली. कुणाला आत यायचं असेल तर येऊ दे म्हणून.

मग धाकटीने खालून हाक मारली, आणि त्याने गाठ मारली.