मास्तरांच्या खोलीतला कॉलम

इमारत म्हातारी झाली की तिची तब्येत दाखवून घ्यावी, हे सगळ्यांनाच पटतं. डॉक्टरची फी कोणी द्यायची, यावर मात्र भाऊ भावाला ओळखत नाही. स्ट्रक्चरल ऑडिट करायचं ठरलं त्या सभेत तळमजल्यावरचे म्हणाले, गच्ची गळते ती आमच्या डोक्यावर नाही. वरच्या मजल्यावरचे म्हणाले, मग पाया काय आमचा एकट्याचा आहे? खजिनदारांनी घराच्या चौरस फुटांवर वर्गणी लावायचं सुचवलं, तर मोठ्या घरांचे चेहरे आंबले. शेवटी सेक्रेटरी बाई उठल्या. खालच्यांनी पाया ठेवून घ्यावा, वरच्यांनी गच्ची, आम्ही मधले तोवर हवेत राहतो, एवढं म्हणून त्या खाली बसल्या. लोक हसले आणि ठराव पास झाला.

बाई शाळेतून निवृत्त झालेल्या. त्यांनी लिहिलेली नोटीस जिन्यापाशी लागली तेव्हा तिच्यात चूक काढायची कोणाची टाप नव्हती. ऑडिटचा निम्मा खर्च दुरुस्ती निधीतून, उरलेला सगळ्या घरांनी सारखा भरायचा, कारण तपासणी इमारतीची आहे, कोणाच्या दिवाणखान्याची नाही. दुरुस्तीचा खर्च अहवाल आल्यावर, वेगळ्या सभेत. तपासणीसाठी प्लास्टर फोडलं तर ते सोसायटी बुजवून देईल. ज्यांनी भिंती पाडल्या किंवा गॅलऱ्या आत घेतल्या, त्यांनी ते आधीच सांगावं. कॉलम आणि बीमपासून कपाटं, पलंग हलवून ठेवावेत. इंजिनिअरना प्रत्येक खोली उघडून दाखवावी, मोरी आणि माळासुद्धा. कोणत्याही घराला सूट नाही.

एवढं स्वच्छ लिहूनही लोकांनी करायचं तेच केलं. पाहुणे येणार म्हटलं की घर आवरायची खोड जाते कुठे? निम्म्या इमारतीने पुट्टी आणली. छताचे तडे बुजवले गेले, ओलीच्या डागांवर रंगाचे हात फिरले. बाईंना दुसरी नोटीस लावावी लागली, की डॉक्टरकडे जाताना तोंडाला पावडर फासून जायचं नसतं. काही झाकू नका, झाकलं असेल तर सांगा.

हे सगळं बाई करत होत्या, पण त्यांचं त्यांनाच ते दुसरं कोणी करतंय असं वाटत होतं. मास्तर जाऊन चार महिने झाले होते. मास्तर म्हणजे त्यांचे यजमान, चित्रकलेचे शिक्षक. ते गेले त्या दिवशी बाई रडल्या नाहीत, नंतरही नाहीत. नातेवाईक म्हणाले, बाई धीराच्या. धीर कसला आलाय? दाढ काढण्याआधी सुई टोचली की गाल आपला राहत नाही, तसं त्यांचं सगळं अंगच झालं होतं. जेवत होत्या, झोपत होत्या, सभेचं इतिवृत्त लिहीत होत्या. मास्तरांची खोली मात्र त्यांनी बंद करून टाकली होती. ती उघडायचं कारण नव्हतं आणि मनही होत नव्हतं.

इंजिनिअर आला तो दोन मदतनिसांना घेऊन. पोरगेलासा, पण कामाला पक्का. हातोडीने कॉलम ठोकायचा, कान देऊन ऐकायचा, खडूने खूण करायचा. बाईंच्या घराच्या अगदी खाली शिवणकाम करणारी एक विधवा मुलीला घेऊन राहायची. तिच्याकडे कोपऱ्यातल्या कॉलमला उभी चीर होती. ती तिने लपवली नव्हती, फक्त तिथे कॅलेंडर लावलं होतं. हातोडी लागली आणि आवाज बद्द आला. इंजिनिअरने छताकडे पाहिलं. हाच कॉलम वर जातो, म्हणाला, वरची खोली पाहिल्याशिवाय मला काही सांगता येणार नाही. वरची खोली मास्तरांची होती.

जिन्यात खजिनदारांनी बाईंना बाजूला घेतलं. माणूस पैशाला चिकट, पण मनाने वाईट नाही.

"बाई, तुमच्यापुढे 'घर बंद होतं' असं लिहायला सांगतो. तीन घरांपुढे तसं लिहिलंच आहे. कोण विचारतंय?"

बाईंना ते हवं होतं. फार हवं होतं. नियम आपणच लिहिला याची लाज वाटेल म्हणावं, तर तीही वाटत नव्हती. पण खालच्या घरात त्या कॉलमच्या पायथ्याशी मुलीची गादी गुंडाळून ठेवलेली त्यांनी नुकतीच पाहिली होती. त्यांनी किल्ली आणली आणि दार उघडलं.

दार उघडलं की काहीतरी होईल, अशी त्यांना चार महिने भीती होती. काहीच झालं नाही. खुंटीवर सदरा होता, टेबलावर चष्मा, भांड्यात ब्रश. मदतनिसांनी पलंग ओढून खोलीच्या मध्यात आणला. त्यामागचा कॉलम अख्ख्या इमारतीत देखणा निघाला. ना चीर, ना डाग.

इंजिनिअरने ठोकलं. वर खणखणीत, खाली बद्द. छिन्नी लावली तसे थर निघायला लागले. रंग, त्याखाली पुट्टी, त्याखाली पांढरं सिमेंट, पुन्हा रंग. दर वर्षी चीर दिसली की मास्तर बसून ती भरायचे, आणि भिंतीच्या रंगात रंग असा मिसळायचे की बोट ठेवून दाखवता येऊ नये. आत सळई गंजून फुगली होती, हात लावला तर तिचे पापुद्रे सुटत होते. इंजिनिअरने काँक्रीटवर ते तपासायचं औषध फवारलं. चांगलं असतं तर गुलाबी झालं असतं. ते होतं तसंच राहिलं.

त्याने घाबरवलं नाही. इमारत रिकामी करायची गरज नाही, म्हणाला, कॉलम दुरुस्त होईल. पण अहवालाची वाट न बघता आजच दोन्ही घरांत लोखंडी टेकू लावून भार काढून घ्यायचा आणि या दोन खोल्यांत कोणी झोपायचं नाही. अजून एखादं वर्ष असंच झाकलेलं राहिलं असतं, तर मात्र काय झालं असतं ते सांगता येत नाही.

मग कॉलमवर हात फिरवत तो म्हणाला, "काम कोणी केलं हो? रंग बघून मीसुद्धा फसलो असतो."

"आमच्या ह्यांनी."

"चीर पहिल्यांदा कधी दिसली आणि आत काय काय भरलंय, ते कळलं तर बरं होईल. विचाराल त्यांना?"

"हो. संध्याकाळी आले की विचारते."

इंजिनिअरने मान हलवून तसं लिहून घेतलं. दारात उभे असलेले खजिनदार जमिनीकडे बघू लागले. आपण काय बोललो ते बाईंना तेव्हा ऐकू आलं.

"नाही," त्या म्हणाल्या. "त्यांना नाही विचारता येणार. ते गेले."

चार महिन्यांत हे वाक्य त्यांना कोणापुढे म्हणावंच लागलं नव्हतं. सगळ्यांना माहीत होतं, जो तो त्यांच्या आधीच बोलायचा. आता ते त्यांच्याच तोंडून निघालं आणि खरं झालं. बाई पलंगावर बसल्या, पदर तोंडाशी धरला आणि रडू लागल्या. आवाज आवरेना. मदतनिसाने छिन्नी खाली ठेवली. इंजिनिअर गोंधळून म्हणाला, आम्ही बाहेर थांबतो, थोड्या वेळाने करू.

"थांबू नका," बाई रडतच म्हणाल्या. "खाली पोर झोपते. टेकू लावा."